अंदाज चुकला तरी तीन भाग सारखे का येतात

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ए-फोर कागदाच्या लांब पट्ट्या कापून प्रत्येकीचे तीन सारखे भाग करायचे आहेत. एका ओळखीच्या बाईंनी सांगितले, की अंदाजाने एक खूण करा आणि मग उजवे टोक, डावे टोक असे आळीपाळीने दुमडत राहा. तसे केले तर भाग खरेच सारखे येतात. पण सुरुवातच अंदाजाने केली असेल, तर शेवट बरोबर कसा येतो? आणि काही पट्ट्यांवर तो येत नाही, ते का?

कागदाचे दोन समान भाग करायला काही मोजावे लागत नाही. टोकावर टोक ठेवले आणि दाबले की मध्य सापडतो, कारण दुमडीच्या दोन्ही बाजूंचा कागद एकमेकांवर बसतो आणि कमी-जास्त असेल ते डोळ्यांना लगेच दिसते. तीन भागांसाठी अशी एकच सरळ दुमड नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपल्या हातात फक्त निम्मे करण्याचे साधन आहे आणि त्यातून तिसरा हिस्सा काढायचा आहे. त्या बाईंनी सांगितलेली रीत नेमके हेच करते. जपानी ओरिगामी कलावंत शुझो फुजिमोतो यांच्या नावाने ती ओळखली जाते. मी शाळेत गणित शिकवते आणि गेली अनेक वर्षे मुलांबरोबर कागदाचे काम करते. या एका रीतीवर माझे दोन तास सहज जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी आपल्याच पट्टीवर करून पाहू. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिमी असते, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा ९९ मिमी. पट्टी टेबलावर आडवी ठेवावी आणि डावीकडून अंदाजे एक तृतीयांश अंतरावर एक खूण करावी. खूण म्हणजे पूर्ण घडी नव्हे. पट्टी तिथे हलकेच वळवून तिची फक्त खालची कड चिमटीत धरून दाबायची, म्हणजे कडेला पाच-सहा मिलिमीटरची बारीक रेघ उठते. समजा, आपला अंदाज चुकला आणि ही खूण ९९ ऐवजी १०७ मिलिमीटरवर पडली. चूक ८ मिलिमीटरची झाली, आणि ती चांगली मोठी आहे.

आता उजवे टोक उचलून या खुणेवर आणा आणि जिथे कागद वळतो तिथे खालच्या कडेला दुसरी खूण करा. पहिल्या खुणेच्या उजवीकडे २९७ वजा १०७, म्हणजे १९० मिमी कागद होता. तो निम्मा झाला, ९५ आणि ९५. दुसरी खूण डावीकडून २०२ मिलिमीटरवर पडली. खरी जागा १९८ ची होती, म्हणजे चूक ४ मिलिमीटर राहिली. पट्टी उलगडा आणि आता डावे टोक उचलून या दुसऱ्या खुणेवर आणा. २०२ चे निम्मे १०१. तिसरी खूण पहिलीच्या जवळ पडेल, पण तिच्या किंचित डावीकडे, आणि चूक २ मिलिमीटरवर आलेली असेल. पुन्हा उजवे टोक या नव्या खुणेवर आणले की उरलेल्या १९६ मिलिमीटरचे निम्मे ९८ होतात, खूण १९९ वर पडते आणि चूक १ मिलिमीटर राहते. पुन्हा डावे टोक आणले की ९९.५. त्यापुढे आणखी एक उजवी आणि एक डावी दुमड घातली की खूण ९९.१२५ मिलिमीटरवर येते. ८, ४, २, १, अर्धा, पाव, अष्टमांश असा हा प्रवास आहे. सहा दुमडींत ८ मिलिमीटरची चूक एक अष्टमांश मिलिमीटरवर आली, आणि नेहमीचा छपाईचा कागदच जवळपास ०.१ मिमी जाड असतो. यापुढे दुमडत राहिलात तरी फरक दिसणार नाही, कारण दुमडीची रेघच त्याहून रुंद असते.

हे का होते, ते दोन टप्प्यांत समजून घ्यावे. पहिला टप्पा सोपा आहे. आपला अंदाज तंतोतंत बरोबर असता तर काय झाले असते? डावीकडे एक हिस्सा, उजवीकडे दोन. उजवे टोक खुणेवर आणले की त्या दोन हिश्श्यांचा मध्य, म्हणजे दुसऱ्या तृतीयांशाची जागा मिळाली असती. आता तिच्या डावीकडे दोन हिस्से आहेत. डावे टोक तिच्यावर आणले की त्यांचा मध्य म्हणजे पुन्हा पहिलीच खूण. बरोबर जागेपासून सुरुवात केली, तर ही आळीपाळीची दुमड आपल्याला त्याच दोन जागांवर फिरवत राहते. तिसरा हिस्सा काढण्याचे सारे मर्म एवढ्याच वाक्यात आहे, की एक तृतीयांश हे दोन तृतीयांशाचे निम्मे असते.

दुसरा टप्पा अंदाजातल्या चुकीबद्दलचा. पहिली खूण ८ मिलिमीटर पुढे गेली, तर उजवीकडच्या तुकड्यात ८ मिलिमीटर कागद कमी पडला. तो तुकडा निम्मा करताना आपण त्याच्याबरोबर ही तूटही दोघांत सारखी वाटतो, त्यामुळे प्रत्येक निम्म्याच्या वाट्याला ४ मिलिमीटरची तूट येते. पुढच्या दुमडीत डावीकडच्या तुकड्यात ४ मिलिमीटर जास्त आहेत. तेही दोघांत वाटले जातात आणि २ उरतात. चूक नाहीशी कोणी करत नाही, ती प्रत्येक दुमडीत निम्मी वाटली जाते. म्हणूनच सुरुवातीची खूण खऱ्या जागेच्या डावीकडे असो की उजवीकडे, थोडी चुकलेली असो की खूप, परिणाम तोच. चूक दुप्पट असेल तर फक्त एक दुमड जास्त लागते. १६ मिलिमीटर चुकलात तर सहाऐवजी सात दुमडी घाला, तितक्याच जवळ पोहोचाल.

वर्गात हे सांगितल्यावर कोणीतरी हमखास विचारते, की मग मुळात खूणच केली नाही तर? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर करून पाहता येते. पट्टीचे डावे टोक हीच आपली पहिली खूण मानायची, म्हणजे अंदाज शून्य. उजवे टोक डाव्या टोकावर आणले की खूण अर्ध्यावर पडते. डावे टोक त्या खुणेवर आणले की पावावर, म्हणजे पट्टीच्या १/४ भागावर. पुढच्या जोडीला खूण ५/१६ वर येते, त्यापुढच्या जोडीला २१/६४ वर. २९७ मिलिमीटरच्या पट्टीवर या जागा अनुक्रमे ७४.२५, ९२.८ आणि ९७.५ मिलिमीटरच्या आसपास येतात. आणखी दोन जोड्या घातल्या की आपण ९९ पासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. म्हणजे अंदाज न करताही ही रीत चालते. अंदाजाने फक्त चार-पाच दुमडी वाचतात.

या अपूर्णांकांतच एक जुने गणित दडलेले आहे. १/४, मग त्यात १/१६ मिळवून ५/१६, मग त्यात १/६४ मिळवून २१/६४. एक भाकरी तिघांत वाटायची आहे आणि आपल्याला फक्त चतकोर करता येतात, असे समजा. चार चतकोर करून तिघांना एकेक द्यायचा. उरलेल्या चतकोराचे पुन्हा चार तुकडे करून तिघांना एकेक द्यायचा, उरलेल्या तुकड्याचे पुन्हा चार. उरलेला तुकडा दर खेपेला चौथाई होत जातो आणि प्रत्येकाचा वाटा तृतीयांशाकडे सरकत जातो. कागदाच्या पट्टीवर आपण नेमके हेच वाटप करत असतो. डावी आणि उजवी मिळून दोन वेळा निम्मे केले की चतकोर होतो. गणिताच्या दृष्टीने अखेरची, तंतोतंत खूण कधीच येत नाही, हेही मुलीला जरूर सांगा.

आता काही पट्ट्यांवर भाग सारखे येत नाहीत, त्याबद्दल. कारणे वेगवेगळी असू शकतात आणि पट्टी हातात घेतल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण मी पाहिलेल्या चुका बहुधा या तीन-चार प्रकारच्या असतात.

सगळ्यांत सामान्य चूक म्हणजे एकच टोक लागोपाठ दोनदा दुमडणे. १०७ वरून उजवे टोक आणले, खूण २०२ वर पडली, आणि बोलण्याच्या नादात पुन्हा उजवेच टोक या २०२ वर आणले. खूण २४९.५ वर जाते, आणि मग डावे टोक आणले की १२४.७५. ही चूक लगेच ओळखता येते, कारण नवी खूण जुन्या खुणांच्या जवळ न पडता भलतीकडेच पडते. अशा वेळी मुले पट्टी टाकून नवी घेतात, पण त्याची गरज नसते. १२४.७५ हाच नवा अंदाज मानून आळीपाळीने पुढे जावे. चूक जवळपास २६ मिलिमीटरची आहे, सहा दुमडींत ती ०.४ मिलिमीटरवर येते. ही रीत मागची प्रत्येक चूक विसरते, हा तिचा मोठा गुण आहे.

पण ती शेवटची चूक विसरत नाही, आणि इथे बहुतेक जण फसतात. वरचे सारे आकडे काढताना आपण असे धरले, की प्रत्येक दुमड स्वतः बिनचूक घातली. हात तसे काम करत नाहीत. समजा, प्रत्येक खूण करताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होते. शेवटच्या दुमडीतला अर्धा मिलिमीटर जसाच्या तसा राहतो, तिच्या आधीच्या दुमडीतला निम्मा होऊन येतो, त्याच्या आधीचा पाव होऊन. अर्धा, पाव, अष्टमांश अशी ही बेरीज कितीही लांबवली तरी एक मिलिमीटरच्या आतच राहते, म्हणजे एका दुमडीतल्या चुकीच्या दुपटीपेक्षा कमी. यावरून हात कसा चालवायचा ते ठरते. पहिल्या तीन-चार खुणा भराभर, हलक्या हाताने कराव्यात, त्यांच्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. शेवटच्या दोन मात्र उजेडात, टोक खुणेवर नीट बसले आहे ना हे पाहून, सावकाश कराव्यात.

याच्याही पुढची एक चूक आहे आणि ती मला स्वतःला बरीच वर्षे कळली नव्हती. माझ्या खुणा छान जुळायच्या, नवी खूण जुनीवर बरोबर पडायची, आणि तरीही तीन भाग एकमेकांवर ठेवले की मधला भाग किंचित बाहेर डोकवायचा. फूटपट्टी लावून पाहिले तेव्हा मधला भाग जवळपास एक मिलिमीटरने मोठा निघाला. मग लक्षात आले, की टोक खुणेवर आणताना मी ते खुणेला टेकवत नव्हते. खूण दिसत राहावी म्हणून दर वेळी एक मिलिमीटर अलीकडेच थांबवत होते. ही चूक दर वेळी त्याच प्रकारे होत असल्यामुळे दुमडी तिला पुसत नाहीत. हिशेब केला तर खुणा ९८.६७ आणि १९८.३३ वर जाऊन स्थिरावतात. दोन्ही कडेचे भाग ९८.६७ आणि मधला ९९.६७, म्हणजे टोक जितके अलीकडे थांबवतो, नेमका तितकाच मधला भाग मोठा. टोक खुणेच्या पलीकडे जात असेल तर उलट होते, मधला भाग तेवढाच आखूड राहतो.

म्हणून खुणा जुळल्या म्हणजे भाग सारखे झाले, असे समजू नये. खुणा जुळणे एवढेच सांगते, की आपण दर वेळी सारख्याच रीतीने दुमडत आहोत. खरी तपासणी घडीतच होते. दोन्ही खुणांवर हलकी घडी घालून, एक पुढे आणि एक मागे अशी, पंख्यासारखी पट्टी मिटावी आणि तिन्ही थर कडेने पाहावेत. मधला थर मोठा दिसला तर टोक अलीकडे थांबते आहे, आखूड दिसला तर पलीकडे जाते आहे. पुढच्या पट्टीवर तेवढे सुधारावे. आपल्या काही पट्ट्यांवर भाग येत नाहीत आणि काहींवर येतात, यावरून मला वाटते, की आधी हेच तपासून पाहावे.

आणखी दोन कारणे थोडक्यात. जुन्या खुणा जोरात दाबल्या असतील तर कागद त्यांच्याकडे ओढला जातो. नवी खूण जुनीपासून अर्ध्या मिलिमीटरवर पडायला हवी असते, पण कागद आधीच तिथे मोडलेला असल्याने तो जुन्याच रेघेवर वळतो आणि आपल्याला वाटते, की खुणा जुळल्या. म्हणून सुरुवातीच्या खुणा नखाने कधीच दाबू नयेत, फक्त बोटांच्या चिमटीत. जाड कागदावर मी सुरुवातीच्या खुणा खालच्या कडेला आणि शेवटच्या दोन वरच्या कडेला करते, म्हणजे जुनी रेघ नव्या दुमडीच्या वाटेत येत नाही.

पण वरच्या कडेकडे जायचे असेल तर पट्टीची टोके काटकोनात कापलेली हवीत. टोक तिरपे असेल तर पट्टीची वरची कड आणि खालची कड सारख्या लांबीच्या नसतात आणि दोन्हींचे तृतीयांशही वेगळ्या जागी येतात. कात्रीने हातावर कापलेल्या पट्ट्यांत हे फार आढळते. टोकांची खात्री नसेल तर सगळ्या खुणा एकाच कडेला कराव्यात. शेवटची पूर्ण घडी घालताना पट्टीची लांब कड स्वतःवरच, कडेवर कड बरोबर बसेल अशी धरावी, म्हणजे घडी लांबीला काटकोनात पडते.

काही जण विचारतात, की कर्णांची रीत यापेक्षा अचूक नाही का. आयताचा एक कर्ण दुमडायचा. उरलेल्या दोन कोपऱ्यांपैकी एकापासून समोरच्या लांब बाजूच्या मध्यापर्यंत दुसरी रेघ दुमडायची. दोन्ही रेघा छेदतात ती जागा बरोबर तृतीयांशावर असते. कागदावरच्या भूमितीत ही रीत तंतोतंत आहे, आणि पूर्ण ए-फोर कागदावर ती चांगली चालतेही. लांब, अरुंद पट्टीवर मी ती वापरणार नाही. ३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब पट्टीवर या दोन रेघा एकमेकींना इतक्या निमुळत्या कोनात छेदतात, की एक रेघ ०.३ मिलिमीटरने वर-खाली झाली तरी छेदनबिंदू लांबीच्या दिशेने १ मिलिमीटर सरकतो. शिवाय पट्टीभर तिरप्या रेघा उमटतात त्या वेगळ्याच. तिथे ही अंदाजाची रीत प्रत्यक्षात जास्त अचूक ठरते.

आपल्या प्रकल्पात या पट्ट्यांचे पुढे काय करायचे आहे, यावरही थोडे अवलंबून आहे. त्रिकोण करून चिकटवायचे असतील, किंवा पंख्यासारखी घडी घालायची असेल, तर तिन्ही भाग सारखेच हवेत. पण पाकिटात घालायच्या पत्रासारखी घडी, म्हणजे एक बाजू आत आणि दुसरी तिच्यावर, अशी असेल तर आत जाणारा भाग किंचित आखूड हवा, नाहीतर तो आतल्या घडीला अडतो आणि कागद फुगतो. ए-फोरच्या तीन घड्यांच्या माहितीपत्रकात त्यामुळेच सहसा १००, १०० आणि ९७ मिलिमीटर असे भाग ठेवतात. तशी घडी हवी असेल तर तृतीयांशाच्या खुणा मिळवून घ्याव्यात आणि घडी घालताना दोन्ही खुणा आत जाणाऱ्या भागाकडे थोड्या सरकवाव्यात.

मुलीने पाच भागांचे विचारले तर हाच विचार पुढे नेता येतो, फक्त आळीपाळीचा क्रम बदलतो. डावीकडून अंदाजे पाचव्या हिश्श्यावर खूण करायची. तिच्या उजवीकडे चार हिस्से उरतात, म्हणून उजवे टोक लागोपाठ दोनदा आणायचे, दर वेळी ताज्या खुणेवर. चाराचे दोन आणि दोनाचा एक होतो. आता डावीकडे चार हिस्से आहेत, म्हणून डावे टोक तसेच दोनदा आणायचे, आणि आपण पुन्हा पहिल्या खुणेपाशी येतो. या चार दुमडींत चूक सोळावा हिस्सा होते. आपल्या २९७ मिलिमीटरच्या पट्टीवर खरी जागा ५९.४ मिलिमीटरची आहे, आणि सुरुवातीला ८ मिलिमीटर चुकले असेल तर एका फेरीनंतर अर्धा मिलिमीटरच उरतो.